पुढच्या बाईंना काय सांगून जायचे?

एप्रिलचा दुसरा पंधरवडा आला की प्राथमिक शाळांत एकच गडबड असते. पेपर तपासायचे, श्रेण्या भरायच्या, प्रगतिपुस्तके लिहायची आणि 1 मेच्या सुमारास निकाल वाटून मोकळे व्हायचे. मग जूनमध्ये तीच मुले दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या बाईंसमोर किंवा सरांसमोर जाऊन बसतात. वर्षभर ज्या माणसाने त्यांना जवळून पाहिले, त्याच्या डोक्यातले ज्ञान मात्र बहुतेक वेळा त्याच्याबरोबरच जाते. त्याची कधी बदली होते, कधी त्याला दुसरा वर्ग मिळतो, कधी तो निवृत्त होतो.

गेल्या महिन्यात आमच्या एका वाचक भगिनीने आम्हाला विचारले, "माझ्या मुलीच्या बाई बदलणार आहेत. दोन वर्षांत त्यांनी तिला बोलते केले. आता नव्या बाईंना हे सगळे कोण सांगणार?" हा प्रश्न आम्हाला घरचाच वाटला, कारण आमची सारी नोकरी पहिली ते चौथीच्या वर्गांत गेली आणि या बाबतीतली सर्वांत मोठी चूक आमच्याच वर्गात घडली होती. म्हणून या वेळी त्याच विषयावर लिहीत आहोत.

घडले ते असे. जूनमध्ये तिसरीचा वर्ग आमच्याकडे आला. सोबत आधीच्या बाईंच्या नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे एकेक ओळ होती. एका मुलापुढे लिहिले होते, 'लक्ष देत नाही, बडबड करतो.' आम्ही ती ओळ वाचली आणि खरी मानली. मुलगा खरोखरच तसा वागत होता. आम्ही काही सांगितले की तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. प्रश्न एक, उत्तर दुसरेच. श्रुतलेखनात शब्दांची शेवटची अक्षरे गळायची. आम्ही त्याला शिस्त लागावी म्हणून शेजाऱ्यापासून तोडून मागच्या कोपऱ्यात एकटा बसवला. त्यानंतर तो बडबडही करेनासा झाला. आम्हाला वाटले, सुधारला.

नोव्हेंबरमध्ये एक दिवस आम्ही त्याच्या मागून चालत जाऊन हाक मारली. दोनदा मारली. तो हललाही नाही. पुढे येऊन समोरून बोललो तेव्हा लगेच उठून उभा राहिला. घरी विचारले तर दादी म्हणाली, "पावसाळ्यात त्याचा उजवा कान वाहतो, सर. मी कोमट तेल घालते." उपजिल्हा रुग्णालयात दाखवले तेव्हा उजव्या कानाच्या पडद्याला छिद्र निघाले. डॉक्टरांनी तेल आणि पाणी दोन्ही बंद करायला सांगितले, औषध दिले आणि पुढे तपासणीला बोलावले.

खरा धक्का त्यानंतर बसला. आधीच्या बाई एका प्रशिक्षणात भेटल्या. आम्ही त्यांना हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो सर, म्हणूनच तर मी त्याला पहिल्या बाकावर माझ्या डाव्या हाताला बसवत होते. तिथे बसला की त्याचे बरे चालायचे. का, ते मलाही ठाऊक नव्हते." म्हणजे इलाज त्यांच्या हाताला सापडला होता, पण वहीत तो उतरला नव्हता. वहीत उतरला होता फक्त शेरा. मूल फळ्याकडे तोंड करून उजव्या बाजूला बसले, म्हणजे शिक्षकाच्या डाव्या हाताला बसले, की त्याचा डावा, चांगला कान वर्गाकडे आणि शिक्षकाकडे राहतो. ही एक ओळ मिळाली असती तर मुलाचे पाच महिने वाचले असते.

त्या वर्षापासून आम्ही वर्ग सोडताना पुढच्या शिक्षकासाठी स्वतंत्र टिपण लिहू लागलो. ते कसे लिहावे हे आम्ही चुकत चुकत शिकलो.

शाळेत आधीच इतके कागद असताना हा आणखी एक कशाला, असे कोणी म्हणेल. जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख आणि दाखल झाल्याची तारीख असते. प्रगतिपुस्तकात श्रेण्या असतात. 2010 सालापासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना चांगली होती. पण तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या आणि 'आवडीने वाचन करतो', 'गटकार्यात सहभागी होतो' अशी वाक्ये एकामागून एक मुलांपुढे उतरू लागली. अशा नोंदीवरून जूनमध्ये कोणाला काय करता येणार? नव्या शिक्षकाला मुलाचे वर्णन नको असते. सोमवारी सकाळी या मुलासाठी नेमके काय करायचे, ते त्याला हवे असते.

म्हणून आम्ही प्रत्येक मुलासाठी चारच गोष्टी लिहितो. मूल कुठपर्यंत आले आहे, नेमके कुठे अडते, आम्ही काय करून पाहिले आणि त्यातले काय लागू पडले, आणि घरी कोणाशी बोलायचे. चार-पाच ओळींत हे बसते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच लोक लिहीत नाहीत. जे लागू पडले नाही, तेही एका शब्दात लिहावे. नाहीतर नवा माणूस पुन्हा तेच करून तीन महिने घालवतो.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. एका मुलाबद्दल आमच्या मनात पहिले वाक्य आले ते 'वजाबाकीत कच्चा.' हे वाचून नवा शिक्षक काय करील? आणखी वजाबाक्या घालील. मूल आणखी चुकेल. मग आम्ही त्याची वही पुन्हा काढली. 52 वजा 27 याचे उत्तर त्याने 35 लिहिले होते. 63 वजा 48 याचे उत्तर 25. चूक दोन्हीकडे एकच होती. वरचा अंक लहान असला की तो हातचा न घेता उलट वजाबाकी करायचा, म्हणजे 2 मधून 7 जात नाहीत तर 7 मधून 2. बाकी सर्व बरोबर. मग त्याला काड्या दिल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. 27 काढ म्हटल्यावर त्याने आपणहून एक गठ्ठा सोडला आणि 25 उरल्या असे बरोबर सांगितले. म्हणजे समज होती, ती कागदावर उतरली नव्हती.

मग टिपण असे झाले: 'बिनहातच्याची वजाबाकी पक्की. हातच्याची चुकते, लहान अंक मोठ्यातून वजा करतो; 52 − 27 = 35 असे लिहितो. काड्यांचा गठ्ठा सोडून करायला दिले तर बरोबर येते. नुसत्या जास्त उदाहरणांनी फरक पडला नाही. काडी आणि कागद एकाच वेळी समोर ठेवून करून घ्यावे. घरी मोठी बहीण अभ्यास घेते, तिला ही रीत दाखवली आहे.' हे वाचणारा शिक्षक पहिल्याच आठवड्यात कामाला लागू शकतो.

आपल्या घरांतल्या मुलांबाबत एक गोष्ट मुद्दाम लिहायला हवी. ज्या घरात उर्दू किंवा दखनी बोलली जाते, तिथले मूल मराठी शाळेत 'माझी पुस्तक', 'माझा घर', 'तो झाड' असे म्हणते. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, घर पुल्लिंगी आणि नपुंसकलिंग तर नाहीच. 'शाळा'ची 'शाला' होते, कारण घरच्या भाषेत 'ळ' हा उच्चार नाही. नव्या शिक्षकाला हे माहीत नसेल तर तो 'भाषा कच्ची' असा शेरा मारून मोकळा होतो आणि मूल बोलायचेच बंद होते. आमच्या टिपणात आम्ही लिहायचो, 'गोष्ट ऐकून ती क्रमाने सांगते, अर्थ पूर्ण कळतो. लिंगाच्या आणि ळ-लच्या चुका घरच्या भाषेमुळे. बोलताना मध्येच थांबवून दुरुस्त केले तर गप्प होते. बोलणे पूर्ण होऊ द्यावे, मग तेच वाक्य आपण बरोबर म्हणून दाखवावे. तो-ती-तेच्या तीन खणांत वस्तूंची नावे लिहिण्याचा खेळ आवडतो.' यात मुलाला ज्या गोष्टी येतात त्या आधी लिहिल्या आहेत. ते गरजेचे असते, कारण अडचण ही त्याच्या बुद्धीची नाही हे त्याशिवाय समजत नाही.

काही ओळी मात्र अशा असतात की त्या जूनपर्यंत थांबूनही चालत नाहीत आणि वहीच्या मध्यात दडूनही चालत नाहीत. फिट येणारे मूल, दम्याचे मूल, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असलेले मूल. यांची ओळ आम्ही पहिल्या पानावर ठेवतो आणि आई-वडिलांना विचारून, त्यांना वाचून दाखवून लिहितो. वर्गात एका मुलीला फिट यायची. तिच्याबद्दल लिहिले होते: 'फिट आली तर बाक बाजूला करून तिला कुशीवर वळवावे, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणीची घडी ठेवावी, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. 5 मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर 108 ला फोन. नंतर तिला झोप येते, झोपू द्यावे. फोन आधी अम्मीला, त्या न मिळाल्यास मामूंना.' शेवटी आणखी एक ओळ होती: 'रमजानमध्ये सहरीला घरात सारे उठतात, तिची झोप मोडते. झोप कमी झाली की फिट येण्याचा संभव वाढतो. त्या महिन्यात जास्त लक्ष ठेवावे.' ही ओळ कोणत्याही पुस्तकातून आमच्याकडे आली नव्हती. तिच्या अम्मीने ती सांगितली होती आणि डॉक्टरांनी तिला दुजोरा दिला होता.

आता काय लिहू नये तेही सांगितले पाहिजे, कारण कागद हा चार हातांत जातो. घरातला तलाक, बापाचे कर्ज, कोणाचे व्यसन, कोणाचा खटला यातले बरेच शिक्षकाच्या कानावर येते. लोक विश्वासाने सांगतात. ती अमानत असते. ती वहीत लिहिणे म्हणजे पाठीमागे केलेली गीबतच, आणि कागदावर ती वर्षानुवर्षे टिकते. पण त्या माहितीतून मुलाची जी गरज निघते ती सांगितल्याशिवायही भागत नाही. म्हणून आम्ही कारण गाळतो आणि गरज लिहितो. 'आई-वडील वेगळे झाले' असे न लिहिता 'शाळेची चिठ्ठी नानांकडे द्यावी, तेच न्यायला येतात' एवढेच लिहावे. ज्याचे वालिद गेल्या वर्षी वारले, त्याच्यापुढे 'माझे बाबा या विषयावर निबंध द्यायचा असल्यास याला आदल्या दिवशी एकट्याला सांगावे, दादांवर लिहायची मुभा द्यावी' असे लिहिले होते. एका वर्षी एका शाळेत हे कोणी सांगितले नव्हते आणि एक मूल तासभर कोऱ्या कागदापुढे बसून राहिले, असे आम्ही पाहिले आहे.

तसेच रोगाचे किंवा अपंगत्वाचे नाव आपण ठेवू नये. 'मंद वाटतो', 'डोक्यात काहीतरी आहे' हे तर लिहूच नये. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात अध्ययन अक्षमता हीही एक नोंद आहे, पण ती ठरवण्याचे काम तज्ज्ञांचे. आपण जे पाहिले ते लिहावे: 'फळ्यावरचे उतरवताना ओळ चुकते, तेच पुस्तकातून बरोबर उतरवतो, डोळे तपासायला सांगितले आहे, अजून तपासलेले नाहीत.' शेवटचे तीन शब्द फार महत्त्वाचे. अर्धवट राहिलेले काम कोणते, हे त्यातून पुढच्या माणसाला कळते.

एवढे लिहिले तरी एक वर्ग हमखास निसटतो. हुशार मुले लक्षात राहतात, त्रास देणारी राहतात, आजारी राहतात. मधली शांत मुले राहत नाहीत. यासाठी आम्ही एक युक्ती करत असू. हजेरीपट न बघता कोऱ्या कागदावर वर्गातल्या सर्व मुलांची नावे आठवून लिहायची. जी नावे अगदी शेवटी येतात किंवा येतच नाहीत, त्या मुलांना आपण ओळखत नाही असे समजायचे. पहिल्या वेळी 31 मुलांच्या वर्गात आमची 4 नावे राहिली, आणि चारही मुली. मग उरलेल्या आठ-दहा दिवसांत त्यांच्याजवळ रोज दहा मिनिटे बसलो. एकीला पाठ केलेला धडा घडाघडा म्हणता यायचा, पण त्याच धड्यातला शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिला की वाचता यायचा नाही. वर्षभर ती वाचते असे आम्ही धरून चाललो होतो. लाज वाटली, पण ते टिपणात लिहिले.

वेळ किती लागतो? रोज तीन मुले घेतली तर दहा-अकरा दिवसांत वर्ग संपतो. निकालाच्या आदल्या रात्री बसले तर सगळ्यांपुढे तेच वाक्य उतरते. आणि हजेरी क्रमांकाने लिहू नये, कारण तो जूनमध्ये बदलतो. पूर्ण नाव आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक लिहावा. एकाच वर्गात दोन शेख आणि दोघांची नावे सारखी असली की काय घोटाळा होतो, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे.

यावर काही शिक्षकांचा आक्षेप असतो. ते म्हणतात, "आधीच सगळे वाचले की मुलाकडे स्वच्छ नजरेने पाहता येत नाही." आमच्या कान फुटलेल्या मुलाची गोष्ट पाहता हा आक्षेप आम्हाला चूक म्हणता येत नाही. त्या एका ओळीनेच आम्हाला आंधळे केले होते. त्यावर आम्ही मार्ग काढला तो असा. पहिले पान, म्हणजे तब्येतीचे, बसण्याच्या जागेचे आणि घरी कोणाला कळवायचे याचे, शाळा उघडायच्या आधी वाचायचे. बाकीचे पाकिटात बंद. दोन आठवडे मुलांना आपल्या डोळ्यांनी पाहायचे, आपली निरीक्षणे लिहायची आणि मग पाकीट फोडून ताडून पाहायचे. जिथे दोन्ही जुळतात तिथे शंका नाही. जिथे जुळत नाहीत तिथे जुन्या बाईंना फोन करायचा. मे महिन्यात मुले काही विसरतात, काही एकदम मोठी होतात. म्हणून सप्टेंबरनंतर ते पाकीट बाजूला ठेवावे आणि वर्षअखेरीस आपले नवे लिहावे. जुने टिपण पुढे पुढे ढकलत नेऊ नये. सात वर्षांच्या मुलाची चूक त्याच्या मागे अकराव्या वर्षापर्यंत चालत जाण्याचे काही कारण नाही.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. बाईंनी लिहिले नसेल तर आई-वडिलांनी काय करावे? एप्रिलमध्ये जुन्या बाईंना भेटून एकच प्रश्न विचारावा, "आमच्या मुलीसाठी तुम्ही काय केलेत ते लागू पडले?" बाई जे सांगतील ते त्यांच्यासमोरच अर्ध्या पानावर लिहून घ्यावे. तिला बोलते केले म्हणजे नेमके काय केले? आधी कानात सांगू दिले, की मैत्रिणीबरोबर जोडीने उभे केले, की प्रश्न आदल्या दिवशी सांगून ठेवला? मग घरचे दोन मुद्दे जोडावेत: आजार आणि गोळ्या असल्यास त्या, आणि मक्तबची वेळ. सकाळी फजरनंतर मक्तब, मग शाळा, अशी मुले दुपारी तीननंतर पेंगतात. तो आळस नसतो. हे अर्धे पान जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्या बाईंच्या हातात द्यावे, दारात घाईत नव्हे, वेळ मागून. "आमची मुलगी अशी आहे" असे न म्हणता "हे केले की तिला जमते" असे म्हणावे. कोणत्याही शिक्षकाला ते ऐकायला आवडते.

तो कानाचा मुलगा उरलेले वर्ष पहिल्या बाकावर, आमच्या डाव्या हाताला बसला. श्रुतलेखनातली शेवटची अक्षरे हळूहळू परत आली. बडबडही परत आली. एप्रिलमध्ये चौथीच्या सरांसाठी त्याच्यापुढे आम्ही पहिली ओळ लिहिली: 'उजव्या कानाने कमी ऐकतो. डाव्या हाताला, पुढे बसवावे. पावसाळ्यात कान वाहतो का ते दर सोमवारी विचारावे.' त्याखाली दुसरी ओळ: 'बडबड्या आहे. ती बंद झाली तर काळजी करावी.'